सोमवार की मंगळवार

स्मरणिकेसाठी लिहा म्हणून शाळेचा फोन आला आणि सरांशिवाय दुसरं काही सुचेचना. कोणते सर ते सांगायला नको, अजिंक्यताऱ्याच्या बाजूच्या वर्गात स्कॉलरशिपचा जादा तास घेणारे.

एकदा त्यांनी फळ्यावर लिहिलं, ११ डिसेंबर १९६७. कोयनेचा भूकंप. वार काढा म्हणाले. मी फटाफट मंगळवार काढला, शेजाऱ्याचाही मंगळवारच, मग काय, कॉलर ताठ! सर एवढंच म्हणाले, "पडताळा दे." मी तेच गणित परत केलं, परत मंगळवार. सर हसले, "ज्या वाटेनं चुकलास त्याच वाटेनं गेलास तर तिथंच पोचणार की रे."

मग दुसरी वाट. १५ ऑगस्ट १९४७ ला शुक्रवार, हे पाठच होतं. तिथून १५ ऑगस्ट १९६७ पर्यंत २० वर्षं, दर वर्षाचा एक जादा दिवस म्हणजे २०, वर १९४८ ते १९६४ मधल्या लीप वर्षांचे ५. पंचविसाला सातानं भागून उरले ४, म्हणजे मंगळवार. पुढं ११ डिसेंबरपर्यंत दिवस मोजले, ऑगस्टचे १६, मग ३०, ३१, ३० आणि ११, झाले ११८, बाकी ६. मंगळवारच्या पुढं सहा म्हणजे सोमवार!

सर म्हणाले, फरक एकाच दिवसाचा आहे ना, मग एक साधं वर्ष तरी जास्त धरलंस नाहीतर एक २९ फेब्रुवारी. वहीत बघितलं तर इसवी सनाच्या सुरुवातीपासून मोजून, सातानं भागून उरलेले जादा दिवस, १६०० वर्षांचे शून्य आणि पुढच्या ३०० चा १, बरोबर होते, पण पुढं मी ६७ वर्षं धरलेली, आणि १९६७ तर चालू वर्ष, पूर्ण झालेली ६६ च. त्यात लीप १६, म्हणून ८२, बाकी ५. चालू वर्षाचे ३४५ दिवस, बाकी २. एक, पाच, दोन मिळून ८, बाकी १, रविवारला शून्य धरलं की सोमवार. आणि शेजाऱ्यानं काय केलेलं, तर १९०० ला लीप धरलेलं, चारनं भाग जातो म्हणून. पण शतकाच्या वर्षाला ४०० नं भाग जावा लागतो. चुका दोन, उत्तर एकच, म्हणून तर आम्ही दोघं खूश होतो!

आता मी विम्याच्या ऑफिसात क्लेम बघतो, फॉर्मवर तारीख आणि वार जुळत नसले की हात आपोआप कागदाकडं जातो. नवीन पोरं मोबाईलवर वार बघतात, त्यांना तो बरोबरच मिळतो, पण फॉर्म भरणारा कुठं घसरला ते त्यांना सांगता येत नाही.

त्या दिवशी घरी जाऊन आजीला ऐटीत सांगितलं, भूकंप सोमवारी झाला. आजी पाटणकडची, तिनं तो अंगणात बसून काढलेला. म्हणाली, "चल, रविवारची रात्र होती." दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं तर म्हणाले, भूकंप पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झाला, कॅलेंडरची तारीख मध्यरात्री बदलते आणि आजीचा वार सूर्य उगवल्यावर, तुझं गणित चुकलेलं नाही. हे आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "मग तेच म्हणते की मी, उजाडलं कुठं होतं?"