गोव्याचा हिशोब: युरो, दिरहम आणि रुपया एकाच वहीत

आसगावच्या व्हिलाचे 480 युरो मिलिंदने फ्रँकफर्टहून भरले. विमानतळावरची गाडी आणि ग्रँड आयलंडची बोट अभयने दुबईहून 500 दिरहमना बुक केली. स्कूटर, पेट्रोल, खाणंपिणं यातले 22,000 रुपये सुजाताने आणि 14,000 मी भरले. पुणेकर दोघं, परदेशातले दोघं, आणि चलनं तीन. सहल मस्त झाली. मासे, पाऊस नाही, भांडण नाही. आता जे तसेच निघणार आहेत त्यांच्यासाठी हिशोबाचं सांगतो.

दर निघण्याआधीच ठरवा आणि मग त्याला हात लावू नका. गूगल वेगळा दर दाखवतं, कार्डवाली बँक वेगळा लावते, पणजीतला मनी चेंजर युरो घेताना एक आणि देताना दुसरा सांगतो. ज्याला जो सोयीचा तो त्याने धरला, की बेरीज कधीच जुळत नाही. आम्ही खरेदी-विक्रीच्या मधला दर घेतला. युरोसाठी एफबीआयएल ही संस्था कामकाजाच्या दिवशी संदर्भ दर जाहीर करतं. व्हिला बुक झाला त्या दिवशीचा तो दर पाहिला आणि गोल करून 100 रुपये धरला, कारण मिलिंदच्या खिशातून पैसे त्याच दिवशी गेले होते. दिरहम डॉलरला 3.6725 या दराने बांधलेला आहे, त्यामुळे डॉलरच्या दराला तेवढ्याने भागलं की झालं. तो 24 रुपये धरला.

मग हिशोब असा. व्हिला 48,000, अभयचे 12,000, सुजाताचे 22,000, माझे 14,000. एकूण 96,000, माणशी 24,000. मिलिंदला 24,000 यायचे. अभयने 12,000, मी 10,000 आणि सुजाताने 2,000 द्यायचे. तीन व्यवहारांत विषय संपला.

शेवटच्या रात्री अभयने विचारलं, "युरो 103 धरला असता तर?" करून पाहिलं. व्हिला 1,440 रुपयांनी महागतो, पण त्यातला चौथा हिस्सा मिलिंदचा स्वतःचाच. म्हणजे त्याला 1,080 जास्त मिळतात आणि बाकी तिघांवर माणशी 360 पडतात. एका फिश थाळीवरून रात्रभर कोण वाद घालणार?

दरापेक्षा जास्त पैसे जातात ते कार्ड मशीनवर. पणजीतल्या एका हॉटेलात बिल 6,200 रुपयांचं झालं. मिलिंदने कार्ड पुढे केलं तर मशीनने विचारलं, 6,200 रुपये की 65.90 युरो? आपल्या दराने 62 युरो होतात. म्हणजे युरोचं बटण दाबलं असतं तर जवळजवळ चार युरो उगाच गेले असते. अशा वेळी नेहमी रुपयेच निवडा. मात्र रुपये निवडले तरी परदेशी कार्ड बहुतेकदा स्वतःचं शुल्क लावतंच. सुजाताने मशीन बाजूला सारलं आणि क्यूआर स्कॅन करून यूपीआयने बिल भरून टाकलं.

त्यावरून आमचा नियम झाला: खर्च कोणत्या चलनातला, हे बिलावरून ठरतं, कार्डावरून नाही. रुपयांचं बिल वहीत रुपयांतच लिहायचं आणि ते पुणेकरांनी भरायचं. परदेशातल्यांनी निघण्याआधीची, त्यांच्याच चलनात आकारली जाणारी बुकिंगं उचलायची. नाइलाजाने त्यांना गटाचं रुपयांचं बिल भरावं लागलं, तर कार्डाचं शुल्क स्टेटमेंट पाहून सगळ्यांच्या खर्चात धरायचं. पण एटीएममधून स्वतःसाठी काढलेल्या रोकडीचं शुल्क ज्याचं त्याचं.

वहीत दोन गोष्टी चुकून शिरतात. एक, स्कूटरचं डिपॉझिट. ते परत मिळतं, तो खर्च नाही. (स्कूटर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या, भाड्याची अधिकृत गाडी तीच.) दुसरी गोष्ट फेणी. अभय पीत नाही, म्हणून ती आम्ही वेगळ्या रकान्यात लिहून तिघांत वाटली; वरच्या 96,000 मध्ये ती नाही.

राहिलं देणं-घेणं. मिलिंदला फ्रँकफर्टला युरो पाठवायचे म्हटले तर शुल्क आणि बँकेचा दर आलाच, मग ठरवलेल्या दराला अर्थ उरत नाही. त्याने आपलं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं इथल्या रुपयांसाठीचं खातं दिलं. एनआरई नाही, कारण ते परदेशातल्या कमाईसाठी असतं, इथले रुपये त्यात सहसा जमा करता येत नाहीत. सुजाताने आणि मी बँकेतून पैसे टाकले, अभयने स्वतःच्या एनआरओ खात्यातून. मिलिंदला ते युरोतच हवे असते, तर रुपये युरोत बदलण्याचा खर्च कोणाचा हेही दराबरोबरच आधी ठरवावं लागलं असतं. तो दर वर्षी आईकडे येतो, त्यामुळे त्याला इथे रुपयेच लागतात.