सोपा, मध्यम, अवघड: फुटबॉल प्रश्नमंजूषेची गुणपद्धती ठरवताना

कोल्हापुरातील आमच्या शाळेत क्रीडा सप्ताहानिमित्त फुटबॉलवर प्रश्नमंजूषा घ्यायचे ठरले आणि प्रश्न काढण्याचे व गुणपद्धती ठरवण्याचे काम माझ्याकडे आले. मी गणित शिकवतो. आठवी ते दहावीच्या मुलांचे चौघा-चौघांचे सहा संघ असणार होते आणि प्रश्न सोपे, मध्यम व अवघड अशा तीन पातळ्यांचे असावेत एवढीच मुख्याध्यापकांची सूचना होती. प्रश्न जमवणे तुलनेने सोपे होते. कोणता प्रश्न कोणत्या पातळीचा आणि त्याला किती गुण द्यावेत, यावर मात्र मला पुष्कळ विचार करावा लागला.

पातळी ठरवताना प्रश्न काढणाऱ्याची स्वतःची समजूत फारशी कामाची नसते, हे पहिल्या यादीवरूनच लक्षात आले. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारतीय संघातून खेळलेला कोल्हापूरचा खेळाडू कोण, हा प्रश्न महाराष्ट्रातील दुसऱ्या एखाद्या शहरात अवघड ठरला असता; आमच्याकडे मात्र अनिकेत जाधवचे नाव सातवीतली मुलेही सांगतात. याच स्पर्धेत कोलंबियाविरुद्ध भारताचा गोल कोणी केला, हे विचारले तर जीक्सन सिंगचे नाव थोड्याच मुलांना आठवते. दोन्ही प्रश्न एकाच स्पर्धेवरचे असले, तरी पहिला सोप्या गटात आणि दुसरा मध्यम गटात गेला. ही विभागणी मी मनाने केली नाही. स्पर्धेत भाग न घेणाऱ्या एका तुकडीकडून सर्व प्रश्नांची उत्तरे आधी लिहून घेतली आणि त्यावरून पातळी ठरवली.

ही चाचणी घेताना एक गोष्ट कटाक्षाने पाळली, ती म्हणजे मुलांना एकेकटे न बसवता चौघांच्या गटात बसवले. त्यामागचा हिशेब असा आहे. एखादे उत्तर दहांपैकी तीन मुलांना येत असेल, तर एका मुलाला ते न येण्याची शक्यता ०.७ असते. चौघांची माहिती एकमेकांपासून स्वतंत्र मानली, तर चौघांनाही ते न येण्याची शक्यता ०.७ चा चौथा घात, म्हणजे सुमारे ०.२४ एवढीच उरते. याचा अर्थ असा की, एकेकट्या मुलासाठी अवघड असलेला हा प्रश्न चारपैकी तीन संघ सोडवू शकतील. प्रत्यक्षात मित्र एकच सामने पाहतात आणि एकाच गोष्टी बोलतात, त्यामुळे त्यांची माहिती बरीच सारखी असते आणि हा फरक इतका मोठा राहत नाही. तरीही तो उरतोच. वैयक्तिक चाचणीवरून अवघड ठरवलेले प्रश्न संघांसमोर सर्रास मध्यम किंवा सोपे ठरतात, आणि मग अवघड प्रश्नांचे जास्त गुण जवळजवळ सगळ्यांनाच मिळून ती पातळी ठेवण्याला अर्थ राहत नाही. म्हणून दहा गटांपैकी आठ किंवा अधिक गटांना जमलेला प्रश्न सोपा, चार ते सात गटांना जमलेला मध्यम आणि त्याहून कमी गटांना जमलेला अवघड, असा निकष ठेवला. एकाही गटाला न आलेले प्रश्न मी काढून टाकले, कारण ज्या प्रश्नाचे उत्तर कोणालाच येत नाही, तो संघांमध्ये काही फरक दाखवत नाही.

अवघड प्रश्नांत मला दोन जाती दिसल्या. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारताने ४-२ असा विजय मिळवला, त्यात तीन गोल करणारा खेळाडू कोण, याचे उत्तर नेव्हिल डिसूझा. हे माहीत असेल तर येते, नसेल तर कितीही विचार केला तरी येत नाही. दुसरी जात नियमांची. थ्रो-इन करताना चेंडू कोणालाही न लागता थेट प्रतिस्पर्ध्याच्या गोलमध्ये गेला, तर पंच काय देईल? रोज मैदानावर खेळणारी मुलेही इथे चटकन ‘गोल’ म्हणतात. थ्रो-इनवरून थेट गोल होत नाही, त्यामुळे प्रतिस्पर्धी संघाला गोल किक मिळते; आणि तोच चेंडू चुकून स्वतःच्या गोलमध्ये गेला, तर समोरच्या संघाला कॉर्नर मिळतो. असे प्रश्न मला अधिक आवडतात, कारण चौघांनी एकमेकांशी बोलून उत्तरापर्यंत पोहोचता येते. नुसत्या पाठांतराचे अवघड प्रश्न मी जाणूनबुजून कमी ठेवले.

प्रश्नाचे शब्द घासूनपुसून घेणे हे यापेक्षाही किचकट काम निघाले. ‘विश्वचषकात सर्वाधिक गोल कोणाचे?’ हा प्रश्न दिसायला निर्दोष आहे. परंतु पुरुषांच्या विश्वचषकात २०२२ पर्यंत सर्वाधिक गोल जर्मनीच्या मिरोस्लाव क्लोसाचे, म्हणजे १६, तर महिलांच्या विश्वचषकात ब्राझीलच्या मार्ताचे गोल १७. एखाद्या मुलीने पाटीवर मार्ता लिहिले, तर ते चूक कसे म्हणणार? म्हणून पुरुषांचा की महिलांचा आणि कोणत्या वर्षापर्यंतचा, हे प्रत्येक विक्रमाच्या प्रश्नात लिहिले. जिथे उत्तर सतत बदलते, तिथे प्रश्नच टाळला. सुनील छेत्रीचे आंतरराष्ट्रीय गोल किती, हा असाच एक प्रश्न. २०२४ मध्ये त्याने निवृत्ती घेतली तेव्हा ते ९४ होते आणि अनेक ठिकाणी तीच संख्या छापली गेली. २०२५ मध्ये तो परतला आणि मालदीवविरुद्ध त्याने आणखी एक गोल केला. सामना किती मिनिटांचा, या अगदी साध्या प्रश्नातही ‘प्रौढांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यातील नियमित वेळ’ असे लिहावे लागले, कारण शालेय सामने त्याहून कमी वेळाचे असतात आणि मुलांनी तेच खेळलेले असतात.

१९५० च्या विश्वचषकात भारत का खेळला नाही, हा प्रश्न तर बहुतेक तयार संचांत असतोच, आणि अनवाणी खेळण्याची परवानगी नव्हती म्हणून, असे त्याचे उत्तर दिलेले असते. भारताने संघ पाठवला नाही एवढे निश्चित आहे. कारणांच्या बाबतीत मात्र लांबचा प्रवास, सरावाला मिळणारा अपुरा वेळ, ऑलिंपिकला दिले जाणारे अधिक महत्त्व अशा अनेक गोष्टी सांगितल्या जातात आणि अनवाणी पायांच्या कथेवर अभ्यासकांचा फारसा विश्वास नाही. ज्या उत्तरावर परीक्षकालाच ठाम राहता येत नाही, त्यावर गुण देणे मला पटले नाही, म्हणून तो प्रश्न वगळला. पेठांतील तालीम मंडळांच्या संघांवरचे प्रश्नही याच कारणासाठी गाळले. आमच्याकडे वडिलांच्या आणि काकांच्या आठवणी परीक्षकाच्या कागदापेक्षा वरचढ मानल्या जातात, हेही त्यामागे होतेच.

यानंतर गुणांचा प्रश्न आला. आमच्या शाळेत आतापर्यंत प्रश्न एका संघाला विचारायचा आणि त्याला उत्तर आले नाही, तर तो पुढच्या संघाकडे ‘पास’ करायचा, अशी पद्धत होती. यात दोन दोष आहेत. प्रत्येक संघाच्या वाट्याला वेगळा प्रश्न येतो, त्यामुळे कोणाला कोणता प्रश्न मिळाला यावर बरेच अवलंबून राहते. शिवाय कच्च्या संघाच्या शेजारी बसलेल्या संघाला सर्वाधिक पास झालेले प्रश्न मिळतात, म्हणजे बसण्याची जागाच गुण देते. त्याऐवजी मुख्य फेरीत प्रत्येक प्रश्न सहाही संघांना एकाच वेळी विचारायचा, ठरावीक वेळात पाटीवर उत्तर लिहायचे आणि इशारा झाल्यावर सर्वांनी एकदम पाट्या उंचवायच्या, अशी व्यवस्था केली. प्रेक्षकांना यात पासची गंमत मिळत नाही, अशी एका सहकाऱ्याची तक्रार होती आणि ती खरी होती. पण सहा पाट्यांवर सहा वेगळी उत्तरे दिसतात तेव्हा सभागृहात होणारा गोंधळही कमी नसतो.

मुख्य फेरीत सहा सोपे, चार मध्यम आणि दोन अवघड प्रश्न होते. सोप्याला १०, मध्यमला २० आणि अवघडला ५० गुण ठेवावेत, म्हणजे शेवटपर्यंत चुरस राहील, अशी सूचना आली होती. मी एक उदाहरण मांडून दाखवले. एका संघाने सहाही सोपे आणि तीन मध्यम प्रश्न सोडवले, तर त्याचे ६० आणि ६० मिळून १२० गुण होतात. दुसऱ्या संघाने फक्त तीन सोपे सोडवले, मध्यम एकही नाही, पण दोन्ही अवघड प्रश्न त्याला जमले, तर ३० आणि १०० मिळून त्याचे १३० होतात आणि तो जिंकतो. बारापैकी नऊ उत्तरे बरोबर देणारा संघ पाच उत्तरांच्या संघाकडून हरावा, हे मुलांना समजावता येण्यासारखे नाही. १०, २० आणि ३० गुण ठेवले, तर पहिल्या संघाचे तेच १२० राहतात आणि दुसऱ्याचे ९० होतात. अवघड प्रश्नाचे मोलही टिकते आणि सातत्यही वाया जात नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापायचे नाहीत, असे ठरले; पर्याय न देता लेखी उत्तर मागितले असल्याने अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता तशीही थोडीच होती.

दुसरी फेरी निवडीची होती. इथे प्रत्येक संघाने स्वतः पातळी निवडायची, त्या पातळीच्या बंद पाकिटांतून एक प्रश्न उचलायचा, आणि उत्तर चुकले तर प्रश्न दुसऱ्या संघाकडे न जाता प्रेक्षकांकडे जायचा. सोपा प्रश्न दहांपैकी नऊ वेळा जमतो असे धरले तर त्यातून सरासरी ९ गुण मिळतात, मध्यम निम्म्या वेळा जमला तर १०, आणि अवघड चारांतून एकदा जमला तर ७.५. या संख्या जवळपास असल्याने एकच पातळी निवडणे नेहमी फायद्याचे ठरत नाही. पिछाडीवरचा संघ जोखीम घेऊ शकतो आणि आघाडीवरचा सावध राहू शकतो. नंतर निवडणाऱ्या संघाला बाकीच्यांचे गुण दिसतात, हा त्याला फायदा असतो, म्हणून पहिल्या खेपेला एक ते सहा आणि दुसऱ्या खेपेला सहा ते एक असा क्रम ठेवला.

उत्तर तपासण्याचे नियम सुरुवातीलाच वाचून दाखवले. आडनाव पुरेसे, शुद्धलेखनाचे गुण नाहीत, पण पाटीवर जे लिहिले तेच उत्तर. २००२ च्या विश्वचषकात सर्वाधिक गोल करणारा कोण, यावर नुसते ‘रोनाल्डो’ लिहिणाऱ्याला गुण मिळाले. ‘क्रिस्तियानो रोनाल्डो’ लिहिणाऱ्या संघाला मिळाले नाहीत, कारण तो मान ब्राझीलच्या रोनाल्डोचा. त्या संघाने आडनावाच्या नियमावर बोट ठेवून बराच वाद घातला, परंतु पूर्ण नाव लिहिले की ते पूर्ण बरोबर असले पाहिजे, हेही आधी वाचलेल्या नियमांत होते.

शेवटी दोन संघांचे गुण बरोबरीत आले. त्यासाठी संख्येचा एक प्रश्न राखून ठेवला होता: २०२२ च्या पुरुष विश्वचषकात एकूण किती गोल झाले, शूटआऊटमधील पेनल्टी न धरता? अचूक उत्तर १७२ आहे, पण ते पाठ असण्याची अपेक्षा नव्हती. जो संघ जवळ जाईल तो जिंकेल, असा नियम होता. एका संघाने १४० लिहिले. दुसऱ्या संघातील मुलीने सामने ६४, प्रत्येकी सरासरी अडीच गोल, असा गुणाकार पाटीच्या कोपऱ्यात करून १६० लिहिले, आणि ढाल त्यांच्याकडे गेली.