नखाखालचा पांढरा मळ

सोमवार, रात्री

आज मीटिंग चालू असताना मी पेनाच्या टोपणाने डोकं खाजवत होते. मला कळलंही नाही. समोरच्या काचेत स्वतःलाच बघितलं आणि हात खाली घेतला. पाच मिनिटांनी हात पुन्हा वर!

घरी येऊन टाळूवर, भोवऱ्याच्या जरा मागे, नख फिरवलं तर नखाखाली पांढुरका, मेणासारखा मळ आला. कोंडा असा नसतो. कोंड्याची खपली सुटी असते, झटकली की पडते. हे बोटात चोळलं तर वळी झाली, आणि तिला ड्राय शाम्पूचा तो फुलांचा वास, वर शिळ्या तेलाचा. त्याच जागी तीन-चार पुटकुळ्याही लागल्या हाताला.

हिशोब मांडला. रविवारी न्हायचं, मग सोमवार ते शनिवार रोज सकाळी ड्राय शाम्पूचा फवारा. कंबरेपर्यंत केस, पावसाळ्यात वाळायला तीन तास, आणि सातला कोथरूडहून हिंजवडीला स्कूटर काढायची. म्हणजे आठवड्याला सहा फवारे आणि एक धुणं. मार्चमध्ये हे दोन फवारे होते.

मंगळवार

आज एक खुळचटपणा केला. डब्यावर तांदळाचा स्टार्च लिहिलंय. शाळेत बटाट्याच्या फोडीवर आयोडीन टाकलं की निळं-काळं व्हायचं, ते आठवलं. जखमेवर लावायचं तपकिरी आयोडीन घरात होतंच. नखाखालचा मळ कागदावर ठेवून थेंब टाकला, तर सगळा कागदच निळा झाला. कागदाच्या खळीतही स्टार्च असतो! मग स्टीलच्या ताटलीत पाण्याच्या थेंबात मळ कालवला आणि पुन्हा टाकलं. काळपट निळं. शेजारी भावाच्या डोक्यातला खरा कोंडा ठेवला होता (तो अजून हसतोय), तो तपकिरीच राहिला.

काल सकाळचा फवारा ब्रशने झाडला होता. तरी हे आत होतंच. ड्राय शाम्पू तेल काढून टाकत नाही, शोषून धरतो. तेलासकट भुकटी तिथेच बसते, पाणी लागेपर्यंत. दुसऱ्या दिवशी तिच्यावर नवी भुकटी, मध्ये घाम आणि मेलेली त्वचा. आणि वर तासभर हेल्मेट. हेल्मेटच्या आत त्याची खळच होत असणार.

गुरुवार

स्किनच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. दिवा असलेल्या भिंगातून बघितलं आणि मला फोनवर फोटो दाखवला: केस जिथून बाहेर येतो तिथे, प्रत्येक केसाभोवती पांढरी कॉलर. काही ठिकाणी कॉलरच्या खाली लाल गोल, एक-दोन ठिकाणी पिवळं टोक. केसाच्या मुळाच्या पिशवीला सूज, तीही सौम्य, म्हणाल्या. कोंड्याची बुरशी सगळ्यांच्याच डोक्यावर असते, ती टाळूच्या तेलावर जगते. तेल साचून राहिलं की तिचं फावतं, आणि खाजेचा मोठा वाटा तिचा. बाकी भुकटीचा आणि सुगंधाचा.

मी विचारलं, अचानक बंद केलं तर केस जास्त तेलकट होतील ना, टाळूला सवय झालीय. त्या म्हणाल्या, "टाळूला कसली सवय? तेल किती सुटायचं ते मुख्यतः हार्मोन ठरवतात. तुम्हाला पहिल्या आठवड्यात जे दिसेल ते आधीही होतंच, भुकटीखाली झाकलेलं."

त्यांचं म्हणणं आजच बंद करा. मी ऑफिसचं रडगाणं लावलं. मग तडजोड ठरली: दोन धुण्यांच्या मध्ये एकच फवारा, आणि पुटकुळ्यांच्या भागावर तोही नाही. धुणं आठवड्यातून तीनदा. त्यातले दोन वेळा कीटोकोनॅझोल दोन टक्क्यांचा शाम्पू, टाळूवर पाच मिनिटं ठेवून मग धुवायचा, आणि तिसऱ्या वेळी नेहमीचा. बरं होईपर्यंत तेल लावायचं नाही. हे ऐकून आईचं तोंड उतरलं, कारण तिने खाजेवर उपाय म्हणून कोमट खोबरेल तयार ठेवलं होतं. दुखणं वाढलं, पू पसरला किंवा एखाद्या जागी केस विरळ दिसले, तर लगेच परत यायचं.

पहिला आठवडा, रविवार

सगळ्यात अवघड गोष्ट धुण्याची वेळ निघाली. सकाळी धुवून ओले केस हेल्मेटमध्ये कोंबणं म्हणजे पुन्हा तेच. म्हणून संध्याकाळी सातला धुते, पंख्याखाली बसते, मुळं कोरडी झाल्याशिवाय आडवी होत नाही. टोकं ओली राहिली तरी चालतात. आणि शाम्पू आता टाळूलाच लावते, दोनदा. पहिल्यांदा फेसच येत नाही, दुसऱ्यांदा येतो. फेस न येणं हीच साचल्याची खूण, हे मला इतकी वर्षं कळलं नव्हतं.

दिवस असे बसवले: रविवार, बुधवार, शुक्रवार धुणं. फवारा फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी. हात लांब करून वीतभर अंतरावरून, पुढच्या भांगापाशी, दोन क्षण. आधी मी डबा टाळूला टेकवूनच मारायचे, त्याने एका जागी थर बसायचा. दोन मिनिटं थांबायचं, मग ब्रश. घामाच्या डोक्यावर कधीच नाही. सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी काही लागतच नाही, कारण आदल्याच संध्याकाळी धुतलेले असतात.

बुधवारी न्हाणीघराच्या जाळीवर केसांचा पुंजका बघून पोटात गोळा आला होता. नंतर लक्षात आलं, आधी आठवडाभराचे गळलेले केस भुकटीने आणि वेणीने धरून ठेवलेले असायचे, आता ते धुताना सुटून येतात.

तिसरा आठवडा, शनिवार

खाज दहाव्या-अकराव्या दिवशी कमी झाली. पुटकुळ्या हट्टी निघाल्या, आज शेवटची सपाट झाली. मंगळवारचा फवारा आपोआप सुटला, त्या दिवशी घट्ट वेणी घालते. तेलकट केस वेणीत उलट नीट बसतात, मोकळे सोडले की चोरी पकडली जाते. शुक्रवारचा ठेवलाय, मुद्दाम. एकदा पूर्ण बंद करून बघितलं होतं, तर मंगळवारी एका कार्यक्रमाआधी चिडून तीन थर मारले आणि बुधवारपर्यंत पुन्हा खाजवत बसले.

चौथा आठवडा, रविवार

आज हेल्मेटचं आतलं अस्तर काढलं. बटणं दाबून सुटतं, हे मॅन्युअलमध्ये होतं. बादलीत कोमट पाणी, थोडा शाम्पू, अस्तर बुडवून दाबलं. पाणी तांदूळ धुतल्यासारखं झालं. दुसरं पाणी घेतलं, तेही गढूळ. तिसऱ्याला जरा तळ दिसला. आता दोरीवर वाळत घातलंय आणि उद्या बसने जायचंय.