आईच्या डोळ्यांच्या अपॉइंटमेंटचा माझा अनुभव

आईला मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला सूज आली आहे. त्यासाठी सुरुवातीची इंजेक्शनं महिन्याच्या अंतराने घ्यायची असतात. दोन झाली होती. तिसऱ्याचे चार आठवडे शुक्रवारी भरत होते, म्हणून आदल्या रविवारी रात्री मी पुण्यातल्या हॉस्पिटलच्या व्हॉट्सॲप नंबरवर एकच शब्द पाठवला: ‘अपॉइंटमेंट’. पुढचं ते विचारतील, असं मला वाटलं.

त्यांनी विचारलं, पण एकेक करून. सोमवारी अकराला ‘पेशंटचं नाव?’. मी मीटिंगमध्ये होतो, दुपारी उत्तर दिलं. संध्याकाळी ‘नवीन की जुने?’. मंगळवारी ‘वय?’. बुधवारी सकाळी थेट वेळच आली: गुरुवार, साडेअकरा, मुख्य शाखा. कशासाठी यायचंय हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

साताऱ्याहून पहाटे निघालो. नंबर तपासला, बाहुली मोठी करायचे थेंब घातले, मग पाऊण तास डोळे मिटून बसणं. आत गेल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “यांना पडद्याच्या डॉक्टरांकडे न्यायला हवं. ते इथे बसत नाहीत. मंगळवारी आणि शुक्रवारी दुसऱ्या शाखेत असतात.” आम्हाला साध्या तपासणीची वेळ दिली होती. शुक्रवारची इंजेक्शनची यादी भरलेली. आईला समोरचं धूसर दिसत होतं, ती माझा हात धरून जिना उतरली, आणि मला इतका राग आला की काउंटरवर मी आवाज चढवला. तिथली मुलगी म्हणाली, “दादा, इंजेक्शनची यादी वेगळी असते. तुम्ही लिहिलं असतं तर मी त्याच शाखेत नाव टाकलं असतं.” राग गेला नाही, पण तिचं म्हणणं खरं होतं. तरी फाईल नंबर मागितला असता तर सगळं त्यांनाच दिसलं असतं, हेही मी तिला सांगितलं.

तिथेच उभ्या उभ्या दुसरा मेसेज लिहिला:

‘जुन्या पेशंट, वय ६७, फाईल नंबर अमुक. उजव्या डोळ्यात पडद्याचं तिसरं इंजेक्शन, दुसरं चार आठवड्यांपूर्वी झालं. डॉक्टर अमुक. येत्या मंगळवारी त्यांच्या शाखेत वेळ हवी. साताऱ्याहून येणार, अकरानंतर चालेल.’

दहा मिनिटांत मंगळवारची वेळ मिळाली. सोबत सूचनाही आली: शुगरचा ताजा रिपोर्ट आणा, नेहमीच्या गोळ्या चुकवू नका. इंजेक्शनच्या आधी बीपी तपासतात आणि ते फार चढलेलं असेल तर थांबवतात, म्हणून आईला घाईत जिने चढवू नका, हे मी माझ्या बहिणीला बजावून सांगितलं.

थेंबांनंतर काही तास जवळचं वाचता येत नाही आणि उजेड खुपतो. काळा गॉगल घरूनच न्या, गाडी दुसऱ्याने चालवावी.

मंगळवारी इंजेक्शन झालं. चार दिवस उशीर झाला होता, पण पडद्याच्या ओसीटी स्कॅनमध्ये सूज वाढलेली नव्हती. पुढच्या वेळेचा मेसेज मी गाडीत बसल्या बसल्याच पाठवला, फाईल नंबरासकट.