भुसावळ जंक्शनवाली

नवीन ऑफिसात पहिले काही दिवस सगळे आपल्याशी फारच चांगलं वागतात आणि खरं सांगू का, तेच जास्त अवघड जातं. पाणी इथे, वॉशरूम तिकडे, डबा दीडला खातो आम्ही, बसा ना मॅडम, असं सगळं पाहुण्यासारखं. मग एक दिवस कुणीतरी पहिली फिरकी घेतं आणि आपल्याला कळत नाही हसायचं की तोंड पाडायचं. माझं मत असं की पाहुणचार संपला, आता तू घरातली, हे सांगायची आपल्याकडे हीच पद्धत आहे. फक्त तसं तोंडाने कुणी सांगत नाही ना, म्हणून घोळ होतो.

मी भुसावळची. पुण्यात अकाउंट्सला लागले आणि बघता बघता माझं नाव गेलं नि 'जंक्शन' आलं. मी दारातून आत शिरले की कोपऱ्यातून नाकात आवाज काढून अनाउन्समेंट, "भुसावळहून येणारी गाडी आपल्या निर्धारित वेळेपेक्षा वीस मिनिटं उशिराने धावत आहे." बोलता बोलता "व्हाउचर टाकी राहिली मी" असं तोंडातून निघालं की तिघं एकदम "राहिली, राहिली" करणार. शिवाय मे महिना. तुमच्याकडे रस्त्यावर अंडं फोडलं की ऑम्लेट होतं का हो, हा प्रश्न मला प्रत्येक मजल्यावर वेगवेगळ्या माणसाने विचारला आणि प्रत्येकाला वाटलं की हे आपल्यालाच सुचलंय.

रॅडक्लिफ-ब्राउन नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने 1940 साली यावर चक्क पेपर लिहिलाय. काही नात्यांत एकाने दुसऱ्याची थट्टा करायची आणि दुसऱ्याने राग मानायचा नाही असा रिवाजच असतो, आणि जिथे माणसं जोडली गेलीत पण अजून नीट मुरलेली नाहीत अशा ठिकाणी तो जास्त दिसतो. आपल्याला हे सांगायला पेपर नको म्हणा, लग्नात नवरदेवाचे बूट पळवतात, नवरीचा भाऊ कान पिळतो, नव्या सुनेला दीर चिडवतो, विहिणी एकमेकींना गाण्यातून टोमणे मारतात. सगळं नव्याने जोडलेल्या माणसांतच चालतं. ऑफिसात फक्त मांडव नसतो.

पण म्हणून प्रत्येक चिडवणं गोड मानायचं असं नाही. मी आधी काय बघितलं तर माझ्याशिवाय अजून कुणाकुणाला चिडवतात. आमच्यातल्या सगळ्यात सीनियर काकांना एक रुपयाचा फरक आला तरी झोप लागत नाही, त्यांना 'राउंड-ऑफ' म्हणायचे, तेही तोंडावर, आणि काका वर मान न करता म्हणायचे "रुपया दे आणि बोल." मॅनेजर सरांच्या बिनसाखरेच्या चहावरून रोज एक वाक्य ठरलेलं, सर त्याला रोज उत्तर द्यायचे. म्हणजे इथे डाव फिरता होता, सगळ्यांवर राज्य यायचं. जिथे एकाच माणसावर राज्य असतं आणि तो उलटून एक शब्द बोलला की बाकीच्यांचे चेहरे उतरतात तिथे मामला वेगळा. दुसरी खूण म्हणजे आपण गेल्यावर काय होतं. आपण टेबलापाशी गेलो आणि चिडवणं वाढलं तर ठीक, आपण गेलो आणि सगळे गप्प झाले तर काहीतरी शिजत होतं समजायचं.

तर एका सकाळी पुन्हा ती अनाउन्समेंट सुरू झाली आणि मी पर्स खांद्यावरून काढायच्या आधीच त्याहून वरच्या पट्टीत, स्टेशनवरच्या बाईसारखं सुरू केलं, "यात्रीगण कृपया ध्यान दें, भुसावळ गाडी वेळेवरच होती, परंतु सिग्नल देणारे मास्तर चहाला गेल्यामुळे आउटरला उभी राहिली, आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." मास्तर म्हणजे कोण हे सगळ्यांना कळलं, कारण अनाउन्समेंट करणारा मुलगा दर तासाला चहाला पळायचा. काका पहिल्यांदा मान वर करून हसले.

यात मी वेगळं काही आणलं नव्हतं बरं का. त्यांचाच खेळ घेतला, दोन वाक्यं पुढे नेला आणि समोरच्याला एक हलका चिमटा काढला, तोही चहावरून. त्याचं पोट सुटलंय, केस गेलेत, ते मला दिसत होतं की, पण तिथे हात घालायचा नसतो. आणि उत्तर द्यायचं तर तिथल्या तिथे. रात्री गादीवर पडल्यावर जे भारी उत्तर सुचतं ते दुसऱ्या दिवशी आणलं की शिळं लागतं, शिवाय आपण रात्रभर कुढत होतो हे पण कळतं.

दुसरं टोकही मी बघितलंय. माझ्यासोबत लागलेला एक मुलगा कुणी काही बोलायच्या आत स्वतःच स्वतःला पाडायचा, "आपण काय बाबा गावठी, आपल्याला एक्सेल म्हणजे घामच फुटतो." लोक हसायचे, तो खूश. पण मोठ्या क्लायंटची फाइल द्यायची वेळ आली तेव्हा त्याच्या नावावर सर अडखळले, आणि एक्सेल त्याला माझ्यापेक्षा चांगलं येत होतं! 2003 साली रॉड मार्टिन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी विनोदाचे चार प्रकार मांडले, त्यात माणसं जोडणारा वेगळा आणि स्वतःला खाली पाडून हसवणारा वेगळा धरलाय. म्हणून मी माझ्या उशिरावर, गावच्या उन्हावर, बोलीवर हसू दिलं, माझ्या बॅलन्सशीटवर नाही. तिथे कुणी फिरकी घेतली तर हसत हसत एंट्री काढून दाखवायची, बास.

बोलीचं मात्र मी वेगळंच केलं. "ए जंक्शन, अहिराणी बोल ना जरा" म्हणाले की मी समजावून सांगायला बसायचे. अहिराणी धुळे-नंदुरबारकडची आणि जळगावच्या पश्चिमेची, आमच्याकडे यावल-रावेरच्या बाजूला लेवा बोली, 'मला-तुला'चं 'मले-तुले' होतं वगैरे वगैरे. एवढं सविस्तर की चिडवणारा जांभया द्यायला लागायचा. थंडीत भरीत नेलं तेव्हाही तेच, वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, गॅसवर नाही, मग मिरची-लसणासोबत लाकडी बडगीत ठेचायची, मिक्सर लावलात तर लगदा होतो. तेव्हा मात्र जांभया नव्हत्या, डबा माझ्यापर्यंत परत आला तो पुसून.

एकदाच हसले नाही. दुसऱ्या डिपार्टमेंटचा एक जण डब्याला आमच्यात येऊन बसायचा. तो म्हणाला, "आडनावावरून कळत नाही हो तुमच्या, कोट्यातून का?" आणि स्वतःच हसला. मी घास खाली ठेवला आणि म्हणाले, "कळलं नाही मला. समजावून सांगा ना." आवाज साधा, चेहऱ्यावर काही नाही. हे महत्त्वाचं आहे कारण आपण जरा जरी हसलो की त्याला पळवाट मिळते. असला जोक समजावून सांगायला गेलं की त्यात जोक उरतच नाही, जे आहे ते उघडं पडतं. तो "नाही, असंच आपलं" म्हणाला. मी म्हटलं, "असंच म्हणजे?" मग काकाच म्हणाले, जेव रे बाबा. एवढ्यावर थांबलं नसतं तर तारीख-वार टाकून लिहून ठेवणार होते आणि सरांकडे जाणार होते. बाईमाणसाला बाई म्हणून घाणेरडं बोलणं असेल तर 2013 च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसात तक्रार समिती असावीच लागते, तिथे हजरजबाबीपणा दाखवत बसायचं नाही.

तो माणूस नंतर चार दिवस आमच्या टेबलाकडे फिरकला नाही. मग एक दिवस आला आणि लांबूनच म्हणाला, "जंक्शन, केळी आणली का?" म्हटलं, आणलीत, पण तुमच्या स्टेशनला हॉल्ट नाही. बसला मग.