अठरा दिवसांत उडालेला कॉपर

मॅडम आत आल्या त्या केस मोकळे सोडूनच. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाल्या, "ताई, हे बघा. अठरा दिवस झालेत फक्त. आणि रविवारी धाकट्या बहिणीचा साखरपुडा आहे."

मला बोलायला काही सुचेना. अठरा दिवसांपूर्वी याच आरशासमोर त्यांचे केस तांब्याच्या नव्या घागरीसारखे चमकत होते. आता मुळाजवळ रंग बऱ्यापैकी होता, पाठीपर्यंत येता येता तो गंजाकडे झुकला होता आणि शेवटचा वीतभर भाग तर वाळक्या गवतासारखा पिवळा पडला होता. त्यांना खिडकीजवळ नेलं. ट्यूबलाइटखाली कॉपर नेहमी फसवतो, त्यामुळे रंग पाहायचा तो दिवसाच्या उजेडातच.

एक बट हातात घेतली आणि बोटं टोकाकडून मुळाकडे सरकवली. वरचा भाग गुळगुळीत लागला, पण टोकाकडच्या वीतभर भागात बोटं अडखळत होती. मग स्प्रे बॉटलने पाणी मारलं. वरच्या केसांवर थेंब घटकाभर थांबले, खाली मात्र पाणी लगेच जिरलं. केसावरचे खवले तिथे उघडे पडल्याची ही खूण.

"आधी कधी हायलाइट्स केले होते का?" मी विचारलं. हा प्रश्न मी अठरा दिवसांपूर्वीच विचारायला हवा होता.

"दोन वर्षं झाली की त्याला. ते तर केव्हाच गेले."

गेले नव्हते. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे दोन वर्षांत तीस सेंटिमीटर. त्यांच्या केसांची लांबी पंचेचाळीस. ब्लीच झालेले शेवटचे पंधरा सेंटिमीटर अजून तिथेच होते, फक्त त्यावर कुठल्याशा तपकिरी टोनरचा थर होता आणि तो मला दिसला नाही. मी मुळापासून टोकापर्यंत एकच मिश्रण लावलं होतं. ७.४४, म्हणजे आमच्या कंपनीच्या चार्टवर सात नंबरचा गडद कॉपर, आणि ९ टक्क्यांचा डेव्हलपर, म्हणजे रंगात मिसळायचं हायड्रोजन पेरॉक्साइड. काळ्या कोऱ्या केसांचा मूळ रंग उचलायला, म्हणजे फिका करायला, तो लागतो. आधीच पोकळ झालेल्या टोकांना एवढ्या डेव्हलपरची गरजच नव्हती. त्यांनी कलर पटकन पिऊन घेतला, त्या दिवशी सगळ्यात छान तीच टोकं दिसली आणि मी त्यांचाच फोटो काढला.

पण चूक माझी एकटीची असती, तर वरचा कोरा केस इतका फिका झाला नसता. म्हणून घरची दिनचर्या विचारली. मॅडम सकाळी जिमला जातात, घाम येतो, त्यामुळे जवळपास रोज डोक्यावरून अंघोळ. गीझर पूर्ण तापवून. अठरा दिवसांत किमान पंधरा वेळा. आठवड्यातून दोनदा केस धुणाऱ्या बाईचा हा दोन महिन्यांचा हिशोब झाला. शॅम्पू मात्र महागातला, कलर केलेल्या केसांसाठीचा. त्यामुळे त्या निर्धास्त होत्या.

मला वाटलं, हे शब्दात सांगण्यापेक्षा दाखवावं. मानेवरच्या आतल्या थरातून, दिसणार नाहीत अशा जागेहून दोन बारीक बटा कापल्या. दोन पांढरे कप घेतले. एकात नळाचं गार पाणी, दुसऱ्यात त्या अंघोळीला घेतात तेवढं कढत. शॅम्पूचा थेंबही नाही. दहा मिनिटांनी गार कपातलं पाणी जेमतेम पिवळसर दिसत होतं, तर गरम कपात कोऱ्या चहासारखा नारिंगी रंग उतरला होता.

मॅडम बराच वेळ त्या कपाकडे बघत राहिल्या. "म्हणजे शॅम्पूचा दोष नाहीच?"

शॅम्पूचा थोडा असतोच, पण मुख्य काम पाणी करतं. केस भिजला की फुगतो, खवले उचलले जातात आणि आतला रंग बाहेर यायला वाट मिळते. पाणी गरम असेल तर हे सगळं झपाट्याने होतं. आता लालच का आधी जातो? पर्मनंट कलरच्या ट्यूबमधले रेणू सुरुवातीला छोटे आणि जवळजवळ रंगहीन असतात. ते केसात शिरतात, डेव्हलपरमुळे आत एकमेकांना जोडले जातात आणि रंग तयार होतो. काळ्या-तपकिरी शेड्समध्ये जोडून होणारे रेणू बरेचदा मोठे असतात, ते आत अडकून राहतात. लाल आणि कॉपरचे बहुतेक रेणू दोनच तुकड्यांचे, लहान, म्हणून सहज निसटतात. शिवाय तपकिरी थोडा उतरला तरी तपकिरीच दिसतो. कॉपर उतरला की आपण उचललेला काळा केस खालून उघडा पडतो, आणि तो असतो निस्तेज नारिंगी. त्यामुळे डोळ्याला फरक लगेच कळतो.

टोकांचं एक कारण मात्र मला त्या निघताना कळलं असतं, ते सुदैवाने आधीच कळलं. त्यांचा स्कार्फ खुंटीवर होता. "गाडीवर केस कसे बांधता?" डोक्याला, तोंडाला स्कार्फ घट्ट, आणि पोनीटेल मागून बाहेर! कॉलेजला जाता-येता रोज तासभर ऊन, नेमकं त्याच कमकुवत वीतभर भागावर. उन्हातले अतिनील किरण रंगाचे रेणू तोडतात. डोकं झाकलेलं, म्हणून मुळं शाबूत. सगळं जुळलं.

साखरपुड्याला चार दिवस होते. मागच्या वेळचाच ब्रँड आणि तीच रंगद्रव्यं असली, तरी कानामागे पॅच टेस्ट लावून दोन दिवस थांबले. शुक्रवारी त्यांना बोलावलं. या वेळी ९ टक्क्यांचा डेव्हलपर कपाटातून काढलाच नाही. मुळांना हात लावला नाही. आधी फक्त टोकांवर सोनेरी-कॉपरचा हलका थर दिला, कारण ब्लीचने तिथला उबदार रंगच नाहीसा झाला होता आणि रिकाम्या केसावर कॉपर धरून राहत नाही. तो पुसून काढल्यावर मधल्या भागापासून खाली डेमी-पर्मनंट, म्हणजे मूळ केस न उचलता बसणारा कॉपर, सौम्य डेव्हलपरसोबत, वीस मिनिटं. दर पाच मिनिटांनी एक बट पुसून बघत होते. धुताना पाणी गार, शेवटी आम्लधर्मी कंडिशनर, म्हणजे खवले परत बसतात.

"मेहंदी लावू का मध्ये मध्ये? आईची तर वर्षानुवर्षं जात नाही," त्यांनी विचारलं. खरं आहे. मेहंदीतला लॉसोन केसातल्या केराटिनलाच चिकटतो, म्हणून तो टिकतो. पण या उचललेल्या केसांवर तो भडक नारिंगी आला असता, आणि मग तो काढणं कठीण. शिवाय बाजारातल्या कित्येक तयार पाकिटांत धातूचे क्षार असतात, पुढे त्यावर डेव्हलपर लावला तर केस तापून तुटू शकतो. मी नाही म्हटलं.

त्याऐवजी कॉपर रंगाचा मास्क दिला, आठवड्यातून एकदा दहा मिनिटं, ग्लोव्हज घालून. तो वरवरच बसतो आणि पुढच्या तीन-चार धुण्यांत जातो, पण दर वेळी जेवढं जातं तेवढं भरून काढतो. जिमनंतर फक्त घाम साध्या पाण्याने टाळूवरून काढायचा, टोकं क्लिपने वर बांधून कोरडी ठेवायची. शॅम्पू आठवड्यातून दोनदाच, हाताला गारसर लागेल अशा पाण्याने. आणि पोनीटेलही स्कार्फच्या आत.

सहा आठवड्यांनी त्या रूट टचअपला आल्या. टोकं पहिल्या दिवसाइतकी झळाळत नव्हती, तरी रंग कॉपरच होता, पिवळेपणा नव्हता. मी या वेळी आधी फॉर्म काढला आणि मागच्या तीन वर्षांत केसांना काय काय लावलं ते एकेक करून लिहून घेतलं. मग बाउलमध्ये दोन वेगवेगळी मिश्रणं कालवली, एक मुळांसाठी, एक टोकांसाठी.