स्मृतिव्याख्यानाचे प्रास्ताविक

स्मरणिका समितीने मनोगत मागितले तेव्हा ठरवले की, माजी विद्यार्थ्यांकडे हमखास येणाऱ्या एका कामाबद्दल लिहावे. शाळेतले एखादे सर किंवा बाई जातात, वर्षभरात त्यांच्या स्मरणार्थ व्याख्यान ठरते आणि कार्यक्रमाच्या चार दिवस आधी कोणाला तरी निरोप येतो, "प्रास्ताविक तुम्ही करा." सांगलीत आणि आसपास असे कार्यक्रम सतत होतात. प्रास्ताविक नेटके झाले तर गेलेला माणूस ओळखीचा वाटू लागतो आणि वक्त्याला बोलायला जमीन मिळते. ते फसले तर वक्ता कितीही चांगला असो, पुढचा सगळा कार्यक्रम रेंगाळतो.

आधी वेळ पाहू. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन आणि ईशस्तवन झाले की प्रास्ताविक येते. त्यानंतर पाहुण्यांचा परिचय, सत्कार आणि मग व्याख्यान. प्रास्ताविकाला सहा मिनिटे पुरतात. गंभीर प्रसंगी सावकाश बोलताना मिनिटाला शंभर शब्दांच्या आसपास होतात, म्हणजे मजकूर सहाशे शब्दांच्या आत हवा. हाताने लिहिलेल्या फुलस्केपची साधारण दोन पाने. पत्रिकेवर सहाची वेळ असते, सुरुवात सव्वासहाला होते. प्रास्ताविक वीस मिनिटे चालले की व्याख्यान सातच्या पुढे जाते, आणि तासगाव, माधवनगरकडचे लोक गाडीच्या वेळेसाठी व्याख्यान ऐन रंगात असताना उठू लागतात. तो दोष वक्त्याचा नसतो.

वेळ सर्वांत जास्त जाते ती नावे घेण्यात. व्यासपीठावरील प्रत्येकाचे नाव, पद आणि संस्था सूत्रसंचालकाने एकदा सांगितलेली असते. प्रास्ताविक करणाऱ्याने ती पुन्हा म्हणू नयेत. "अध्यक्ष महोदय, आजचे वक्ते, सरांचे कुटुंबीय, आजीमाजी शिक्षक आणि विद्यार्थी मित्रांनो" एवढे संबोधन पुरे. यात कुटुंबीयांचा उल्लेख मात्र चुकवू नये. ते पहिल्या रांगेत बसलेले असतात, आणि त्या दिवशी सभागृहातला प्रत्येक शब्द ते इतरांपेक्षा वेगळ्या कानाने ऐकत असतात. इथेच एक चूक वारंवार होते. जुन्या पत्रिकेवरून नवी पत्रिका छापताना सरांच्या पत्नीच्या नावाआधी सवयीने 'सौ.' तसेच राहते, आणि तीच पत्रिका हातात धरून प्रास्ताविक करणारा तसे वाचून टाकतो. कुटुंबाला हे फार लागते. छपाईआधी मजकूर घरी दाखवावा. सरांच्या नावाआधी कैलासवासी म्हणायचे की दिवंगत, हेही त्याच वेळी घरच्यांना विचारून घ्यावे आणि पत्रिका, फलक आणि भाषण या तिन्हीत तेच ठेवावे.

आता तपशील. सरांबद्दलची माहिती तीन ठिकाणांहून येते: शाळेचे दप्तर, घर आणि विद्यार्थी. तिन्ही जुळतातच असे नाही. तारखांचेच घ्या. समजा दप्तरात सरांची जन्मतारीख १ जून १९३८ आहे. आपल्याकडच्या त्या पिढीतल्या कितीतरी लोकांची शाळेत नोंदलेली तारीख १ जूनच असते, कारण नाव घालताना गुरुजींनी ती अंदाजाने लिहिलेली असते. घरी विचारले तर कळते की सर दिवाळीनंतरच्या पौर्णिमेचे. अशा वेळी भाषणात जन्मतारीख सांगूच नये, वर्ष सांगावे. निवृत्तीची तारीख मात्र दप्तरातल्या जन्मतारखेवरूनच ठरते. वयाची ५८ वर्षे पूर्ण होतात त्या महिन्याचा शेवटचा दिवस हा निवृत्तीचा दिवस, पण जन्म महिन्याच्या एक तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याचा शेवटचा. म्हणजे हे सर ३१ मे १९९६ रोजी निवृत्त झाले. "१९९७ पर्यंत सर आम्हाला शिकवत होते" असे कोणी ठामपणे सांगू लागले, तर निवृत्तीनंतरही ते वर्गावर येत होते का, एवढे विचारावे. बहुतेकदा उत्तर 'हो' असे येते, आणि सांगण्याजोगी गोष्ट तिथेच सापडते.

दुसरा पेच परीक्षांचा. १९७५ च्या आधी शालान्त परीक्षा अकरावीला होती. जुने विद्यार्थी सहज म्हणतात, "सरांनी आम्हाला अकरावीला भूगोल दिला." समोरच्या आजच्या मुलांना ते ज्युनिअर कॉलेज वाटते. "तेव्हा शाळा अकरावीपर्यंत होती" एवढी जोड दिली की काम भागते.

विद्यार्थ्यांकडून आठवणी गोळा करताना "सर कसे होते?" असे विचारू नये. त्यावर शिस्तप्रिय, प्रेमळ, निःस्पृह हीच उत्तरे येतात, आणि ती कोणत्याही शिक्षकाला लागू पडतात. "सर वर्गात आल्यावर पहिले काय करायचे?", "वही तपासताना कुठे खूण करायचे?", "तुम्ही आजही सरांमुळे करता अशी एखादी गोष्ट कोणती?" असे विचारावे. एकच आठवण किमान दोघांकडून, वेगवेगळ्या तुकड्यांतल्या, मिळाली तर ती भाषणात घ्यावी. "सरांनी आयुष्यात एकही रजा घेतली नाही" यासारखे वाक्य तर कधीच घेऊ नये. पहिल्या रांगेत बसलेल्या मुलीला आपल्या आजारपणात वडिलांनी महिनाभर रजा काढल्याचे ठाऊक असते.

आता प्रत्यक्ष मांडणी. उदाहरणादाखल वरचेच भूगोलाचे सर धरू, व्याख्यान सांगलीत आहे आणि विषय आहे 'कृष्णेचा पूर'. प्रास्ताविकाला इथे एकच धागा लागतो: या सरांच्या नावाने हाच विषय का? सुरुवात जन्मगाव आणि शिक्षणापासून केली की तो धागा सापडेपर्यंत चार मिनिटे संपतात. म्हणून सुरुवात सरांच्या कामापासून करावी. ती अशी होऊ शकते:

"आयर्विन पूल १९२९ साली वाहतुकीला खुला झाला. पुलाजवळ पाण्याची पातळी दाखवणारे आकडे आहेत. पावसाळा सुरू झाला की सर आठवीच्या मुलांना रोज ती पातळी वहीत लिहायला लावत. चाळीस फूट ही इशारा पातळी, पंचेचाळीस ही धोका पातळी, हे आम्ही पुस्तकाआधी त्या वहीतून शिकलो. सांगलीत पाऊस नसतानाही पाणी का चढते, या प्रश्नावर सर लगेच उत्तर देत नसत. कोयनेच्या खोऱ्यात काल किती पाऊस झाला ते वर्तमानपत्रातून लिहून आणा, म्हणत. वारणा हरिपूरला कृष्णेला मिळते, हे दाखवायला ते संपूर्ण वर्ग संगमावर नेत. २००५ आणि २०१९ च्या महापुरांनी हे आकडे घराघरांत पोहोचवले. सरांच्या विद्यार्थ्यांना ते त्याआधीच वाचता येत होते. सरांच्या स्मरणार्थ होणारे हे पहिले व्याख्यान कृष्णेच्या पुरावर ठेवण्याचे कारण हेच आहे."

हा मजकूर सव्वा मिनिटाचा आहे. यात सरांसाठी एकही विशेषण नाही, तरी सर दिसतात. यानंतर सरांचा शाळेतला काळ, सांभाळलेली जबाबदारी आणि व्याख्यान कोणी, कशातून सुरू केले हे दोन मिनिटांत सांगावे. निधीचा उल्लेख करायचा असेल तर "माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून" इतकाच. देणगीदारांची यादी आणि रकमा आभारप्रदर्शनात किंवा अहवालात जाव्यात. या प्रसंगी त्या ऐकायला जड वाटतात.

वरच्या उताऱ्यात पुराची कारणे सांगितलेली नाहीत, हे मुद्दाम. कोयनेचा विसर्ग, अलमट्टीची पातळी, नदीपात्रातली बांधकामे हे सगळे वक्त्याचे क्षेत्र आहे. प्रास्ताविकात त्यावर मत दिले की वक्त्याला आपल्या पहिल्याच वाक्यात एकतर ते खोडावे लागते किंवा पुन्हा सांगावे लागते. आदल्या दिवशी वक्त्याला फोन करून प्रास्ताविकातला हा भाग वाचून दाखवावा. नावाचा उच्चारही त्याच फोनवर विचारून घ्यावा. वक्त्याची पदवी आणि पुस्तके परिचय करून देणाऱ्याकडे सोपवून द्यावीत. दोघांच्या कागदांवर तेच मुद्दे असतील तर श्रोते दुसऱ्यांदा ते ऐकतच नाहीत.

शोकसभा आणि स्मृतिव्याख्यान यांतला फरकही सांभाळावा लागतो. सर जाऊन महिनाही झाला नसेल तर दोन मिनिटे उभे राहून श्रद्धांजली घ्यावी, पण ती प्रास्ताविकाच्या आधी, सूत्रसंचालकाने. प्रास्ताविकाच्या मध्येच किंवा शेवटी ती घेतली तर त्या शांततेतून थेट पाहुण्यांच्या सत्काराकडे वळावे लागते आणि शाल, श्रीफळ, टाळ्या सगळे अवघडून जाते. वर्ष उलटल्यावरच्या व्याख्यानात प्रतिमापूजन पुरते. "टाळ्यांच्या गजरात स्वागत करू या" हे वाक्य मात्र दोन्हीकडे टाळावे.

कागद मोठ्या अक्षरात, एका बाजूला छापलेला असावा आणि प्रत्येक पानाच्या शेवटी वाक्य पूर्ण झालेले असावे. फोनवरून वाचू नये. पडदा मध्येच बंद होतो, आणि खाली वाकून फोन पाहणारा माणूस अशा प्रसंगी बरा दिसत नाही. घरी घड्याळ लावून दोनदा मोठ्याने वाचावे. ज्या वाक्यावर आवाज अडखळतो ते दुसऱ्या वाचनात कळतेच. ते वाक्य काढू नये, पण त्याच्या आधी एक साधे, माहितीचे वाक्य ठेवावे, म्हणजे श्वास घ्यायला जागा मिळते. उताऱ्यात मुलांना संगमावर नेण्याचे वाक्य येते त्याच्या आधी आकड्यांची वाक्ये आहेत, ती यासाठीही उपयोगी पडतात.

तरीही प्रत्यक्षात कंठ दाटून आला तर माफी मागू नये. थांबावे, पाणी घ्यावे आणि अर्धे राहिलेले वाक्य सुरुवातीपासून पुन्हा म्हणावे. पहिल्या रांगेच्या टोकाला सरांच्याच एखाद्या विद्यार्थ्याकडे भाषणाची दुसरी प्रत देऊन ठेवावी आणि खुणेची बोली आधीच करावी. प्रास्ताविक करणाऱ्याने कागद खाली ठेवला की त्या विद्यार्थ्याने उठून ध्वनिक्षेपकाजवळ यावे आणि थांबलेल्या ओळीपासून पुढे वाचावे, स्वतःची कोणतीही भर न घालता.